सोलर प्लांटची रोजची नोंद: 'कमी उत्पादन' म्हणून लाल दिवस नेमके कोणते धरायचे?

मेघना_प

नमस्कार. आमच्या कारखान्याच्या छतावर १०० किलोवॅटचा सोलर प्लांट आहे. ५० किलोवॅट पॅनेल एका इन्व्हर्टरवर, ५० दुसऱ्यावर. रोजच्या उत्पादनाची नोंद ठेवण्याचं काम गेल्या दोन महिन्यांपासून माझ्याकडे आलंय. आधीच्या माणसाने एक शीट करून ठेवली होती, तीच मी पुढे चालवतेय.

शीटमध्ये रोजचं अपेक्षित उत्पादन ४२० युनिट धरलंय. प्लांट बसवताना जो अहवाल मिळाला त्यात या महिन्याचे १२,६०० युनिट दिले आहेत, त्याला ३० ने भागलंय. प्रत्यक्ष आकडा त्याच्या ९० टक्क्यांच्या खाली गेला की रांग लाल होते आणि मला वरती कारण कळवावं लागतं.

अडचण अशी की ढग आले की दिवस लाल. मी रोज 'ढगाळ हवामान' असं लिहून पाठवते आणि आता ते कोणी वाचतही नाही. त्यामुळे अपेक्षित आकडा ४२० वरून ३५० वर आणावा असं सुचवलं गेलंय. हे बरोबर आहे का? तुमच्याकडे अपेक्षित आकडा कसा काढतात?

वाटसरू

आकडा खाली आणू नका, पॅनेल धुवा. दहातल्या नऊ वेळा धूळच असते. आमच्याकडे धुतल्यावर दुसऱ्या दिवशी ८ टक्के वाढ दिसली होती.

भर_दुपार

४२० चे ३५० केलेत तर लाल दिवस कमी होतील, पण खरा बिघाड झाला तरी शीट हिरवीच राहील. सरासरीला रोजचं माप म्हणून वापरणं हीच मूळ चूक आहे. महिन्याच्या १२,६०० मध्ये ऊनही आलं आणि ढगही आले. एकेका दिवसाला त्या दिवशी मिळालेल्या उन्हाचंच माप लावावं लागतं.

छतावर इरॅडिएशनचा सेन्सर आहे का? असला तर कसा बसवलाय, पॅनेलच्या उतारावर की सपाट?

मेघना_प

@वाटसरू, धुलाई पंधरा दिवसांतून एकदा होते, पण तुमचा मुद्दा लक्षात ठेवते.

@भर_दुपार, सेन्सर आहे! पॅनेलच्याच उतारावर, पॅनेलच्या चौकटीला लावलेला. त्याचा आकडा डेटा लॉगरच्या स्क्रीनवर दिसतो, पण शीटमध्ये तो रकानाच नाही.

अंगण

आमच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे. काल १३ युनिट झाले, आज ८. म्हणजे इन्व्हर्टर खराब होतोय का? बसवणाऱ्याला बोलवावं का?

तात्या_टेस्टर

अंगण, एका दिवसावरून कोणाला बोलवू नका. अॅपमध्ये दिवसभराचा आलेख दिसतो, तो उघडा. आलेख वर-खाली दातेरी असेल तर ढग होते, विषय संपला. स्वच्छ उन्हाच्या दिवशी तो घंटेसारखा गुळगुळीत यायला हवा. तसा येत असूनही शिखर पूर्वीपेक्षा ठळकपणे खाली असेल तर काळजी. आणि रोज ठरावीक वेळी खड्डा पडत असेल तर कशाची तरी सावली येतेय, झाड नाहीतर टाकी बघा.

मेघनाताई, सेन्सर असून रकाना नाही हे वाचून जीव हळहळला. तो आकडा म्हणजे त्या दिवशी पॅनेलच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती युनिट ऊर्जा पडली ते. समजा ६.४ आला. तर तुमच्या १०० किलोवॅटच्या प्लांटला त्या दिवशी सगळं आदर्श असतं तर ६४० युनिट मिळाले असते. उष्णता, केबल, इन्व्हर्टर, धूळ यांत काही जातं. जे उरतं त्याचं प्रमाण म्हणजे पीआर. छतावरच्या धडधाकट प्लांटचा पीआर ०.७५ ते ०.८५ मध्ये असतो. तुमचा किती ते तुमच्याच चांगल्या दिवसांवरून काढा, बाहेरून उसना आणू नका.

एक काम करा. मागचे सात-आठ दिवस इथे टाका. सेन्सरचा आकडा आणि दोन्ही इन्व्हर्टरचे आकडे वेगवेगळे. बेरीज नको.

मेघना_प

तात्या, लॉगरमधून काढले. इन्व्हर्टरला अ आणि ब म्हणते. सगळे सलग दिवस या महिन्यातलेच आहेत, पण थोडे जुने, कारण मधले काही दिवस अजून उतरवायचे राहिलेत. शेवटच्या रकान्यात जुन्या शीटने काय रंग दिला ते लिहिलंय.

| दिवस | सेन्सर | अ | ब | एकूण | जुना रंग |
|---|---|---|---|---|---|
| १ | ६.४ | २५० | २४९ | ४९९ | हिरवा |
| २ | ६.२ | २४२ | २४१ | ४८३ | हिरवा |
| ३ | २.६ | १०५ | १०४ | २०९ | लाल |
| ४ | ६.३ | २४६ | १९७ | ४४३ | हिरवा |
| ५ | ६.५ | २५३ | २०४ | ४५७ | हिरवा |
| ६ | ३.१ | १२४ | ९९ | २२३ | लाल |
| ७ | ६.४ | २५० | २०० | ४५० | हिरवा |

आकडे उतरवतानाच ब चा रकाना खटकला. आजवर मी फक्त बेरीज बघत होते.

भर_दुपार

अरे बापरे. दिवस ४ पासून ब वर काहीतरी तुटलंय.

तात्या_टेस्टर

तुटलंयच. आता सगळ्यांनी नीट बघा, कारण हा धागा ज्या प्रश्नाने सुरू झाला त्याचं उत्तर याच सात ओळींत आहे.

पहिले दोन दिवस धडधाकट. ४९९ ला ६४० ने भागा, ०.७८ येतो. हा या महिन्यातला तुमचा पीआर. आता त्यावरून रोजचा अपेक्षित आकडा काढा: सेन्सर गुणिले १०० गुणिले ०.७८. तिसऱ्या दिवशी अपेक्षित २०३ आणि मिळाले २०९. म्हणजे जो दिवस लाल झाला, ज्याचं कारण ताईंना लिहून द्यावं लागलं, त्या दिवशी प्लांट उत्तम चालला होता. चौथ्या दिवशी अपेक्षित ४९१, मिळाले ४४३. दहा टक्के कमी. आणि तो दिवस हिरवा, कारण ४४३ हा ४२० पेक्षा मोठा!

म्हणजे जुनी शीट चुकीच्या दिवसांना लाल करत होती इतकंच नाही, खऱ्या बिघाडाला ती हिरवा रंग देत होती. ऊन भरपूर असल्यामुळे एक दशांश प्लांट बंद पडूनही सरासरी गाठली जात होती. अपेक्षित आकडा ३५० वर आणला असता तर हे आणखी खोल गाडलं गेलं असतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला सेन्सरपेक्षाही जवळची आहे. ब ला अ ने भागा. पहिले तीन दिवस ०.९९ ते १.००, चौथ्यापासून ०.८०. ढगाळ सहाव्या दिवशीसुद्धा ०.८०. एकाच छतावर, एकाच उताराची, सारख्याच क्षमतेची दोन भावंडं असली की ऊन, ढग, उष्णता दोघांनाही सारखीच. भागाकारात ते सगळं निघून जातं आणि उरतो तो फक्त दोघांमधला फरक. सेन्सर नसला तरी हे करता येतं.

ताई, ब वर किती स्ट्रिंग आहेत?

मेघना_प

पाच. प्रत्येकीत ५०० वॅटची २० पॅनेल. अ वरही तसंच.

तात्या_टेस्टर

पाचातली एक गेली की उरतात ०.८०. जुळलं.

निळू_फुलपाखरू

मी नवीन आहे, एक शंका. पाचवा दिवस ०.८० नाही, २०४ भागिले २५३ म्हणजे ०.८०६ येतो. बाकी दिवसांपेक्षा जरा जास्त. मोजण्यातली चूक का?

तात्या_टेस्टर

बारीक नजर आहे तुमची. चूक असेलही, पण मला दुसरी शंका आहे. ताई, इन्व्हर्टरवर क्षमता किती लिहिलीय?

मेघना_प

४० किलोवॅट, दोन्हींवर.

तात्या_टेस्टर

मग तेच. ५० चे पॅनेल ४० च्या इन्व्हर्टरवर, अशी बांधणी सर्रास करतात. कडक उन्हात दुपारी अ ला पॅनेलकडून ४० च्या वर मिळत असतं, पण तो ४० च्या पुढे जाऊ शकत नाही. आलेखाचा माथा सपाट होतो. ब कडे चारच स्ट्रिंग, तो त्या छताला टेकतच नाही. म्हणून सर्वांत उजळ दिवशी अ चं थोडं कापलं जातं आणि दोघांतलं अंतर किंचित कमी दिसतं. पाचव्या दिवसाचा अ चा आलेख बघा, बारा-साडेबाराला माथा सपाट असेल तर हेच कारण.

हे लक्षात ठेवायला हवं, कारण ज्यांच्याकडे पॅनेल याहून जास्त चढवलेत त्यांच्याकडे एक स्ट्रिंग गेलेली दुपारी कळतही नाही. त्यांनी सकाळी नऊ-दहाचे आकडे ताडून बघावेत.

वाटसरू

मी तरी म्हणेन धूळ वगळू नका. ब कदाचित जास्त धुळीच्या बाजूला असेल.

भर_दुपार

वाटसरू, धूळ एका रात्रीत २० टक्के खात नाही. धुळीचा उतार हळूहळू येतो, रोज थोडा थोडा, आणि चांगला पाऊस पडला की रेघ एकदम वर उडी मारते. करवतीच्या दात्यांसारखी. इथे तिसऱ्या आणि चौथ्या दिवसामध्ये सरळ पायरी आहे. पायरी दिसली की काहीतरी सुटलंय, जळलंय किंवा बंद झालंय.

मेघना_प

आज आमच्या इलेक्ट्रिशियन काकांना घेऊन छतावर गेले. काय बघायचं ते सांगा म्हणजे उद्या दुपारी करून टाकू. आज ढग होते, काकांनी उद्यावर टाकलं.

तात्या_टेस्टर

काकांनी योग्य केलं. स्थिर ऊन हवं, नाहीतर एक स्ट्रिंग मोजेपर्यंत दुसरीचं ऊन बदललेलं असतं.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. साधा एसीवाला इथे चालत नाही, तो शून्यच दाखवेल आणि पाचही स्ट्रिंग मेल्या असं वाटेल. प्लांट चालू ठेवूनच ब च्या पाचही स्ट्रिंगच्या पॉझिटिव्ह वायरींना एकेक करून क्लॅम्प लावा. पाचही आकडे दोन-तीन मिनिटांत घ्या. एक शून्य किंवा बाकीच्यांपेक्षा खूप कमी निघेल.

ती सापडली की आधी इन्व्हर्टर बंद करा आणि डीसी आयसोलेटर उघडा, मगच तिचे कनेक्टर सोडा. चालू स्ट्रिंगचा कनेक्टर ओढला तर डीसीचा आर्क पडतो आणि तो एसीसारखा आपोआप विझत नाही. हात आणि डोळे दोन्ही जातात. वीस पॅनेलची स्ट्रिंग म्हणजे ९०० व्होल्टच्या आसपास, आणि आयसोलेटर उघडला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या बाजूला व्होल्टेज असतंच. काकांकडे त्या व्होल्टेजचे हातमोजे आणि तेवढ्या रेटिंगचा मीटर असेल तरच पुढे जा, नाहीतर बसवणाऱ्यांना बोलवा.

सुटी केलेली स्ट्रिंग शून्य व्होल्ट दाखवत असेल तर मधे कुठेतरी तार तुटलीय. व्होल्टेज पूर्ण असून करंट येत नसेल तर फ्यूज किंवा इन्व्हर्टरच्या टोकाशी बघा.

अनुस्वार

ताईंचं काम होईस्तोवर माझा अनुभव सांगतो, कारण सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवून मी तीन महिने फसलो.

आमच्याकडे इन्व्हर्टर एकच, त्यामुळे भावंडांशी तुलना नाही. पूर्ण भिस्त सेन्सरवर. पीआर ०.७९ होता, तो हळूहळू ०.८२, मग ०.८६ झाला. लाल दिवस एकही नाही. साहेब खूश, मी खूश. एकदा कामासाठी छतावर गेलो तर सेन्सरच्या काचेवर पक्ष्याची विष्ठा वाळून बसलेली, तिच्याभोवती धुळीचा थर. सेन्सरला ऊन कमी दिसत होतं, म्हणून अपेक्षित आकडा खाली, म्हणून प्लांट हुशार. काच पुसली, दुसऱ्या दिवशी पीआर ०.७४. म्हणजे मधल्या काळात पॅनेलवरही धूळ साचली होती आणि दोन्ही चुका एकमेकींना झाकत होत्या.

तेव्हापासून नियम केलाय: सेन्सरची काच दर आठवड्याला मऊ फडक्याने आणि पाण्याने पुसायची आणि पुसल्याची तारीख शीटमध्ये लिहायची. पीआर कारण नसताना वाढला तरी मी आता रांग लाल करतो.

निळू_फुलपाखरू

वाढला तरी लाल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे सेन्सर नाही, हवामानाच्या वेबसाइटवरून रोजचं इरॅडिएशन घेतो. आमचा पीआर हिवाळ्यात ०.९० च्या वर जातो आणि उन्हाळा सरेपर्यंत ०.७२ वर येतो. पॅनेल थंडीत एवढे चांगले चालतात?

भर_दुपार

थंडीत चांगले चालतात, पण एवढे नाही. वेबसाइटवरचा आकडा बहुतेक सपाट जमिनीवरचा असतो. तुमचे पॅनेल दक्षिणेकडे कललेले असणार. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा कललेल्या पॅनेलला सपाट जमिनीपेक्षा जास्त ऊन मिळतं. तुम्ही भागता कमी आकड्याने, म्हणून पीआर फुगतो. त्या साइटवर उतार आणि दिशा भरायची सोय असेल तर ती भरा.

उष्णतेचा वाटा मात्र खरा आहे. हल्लीची बरीच पॅनेल दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के गमावतात, आणि हे मोजलं जातं ते पॅनेलच्या सेलच्या २५ अंशांपासून. भर उन्हात सेल ६० अंशांवर गेला की ३५ अंश जास्त, म्हणजे १२ टक्के गेले. थंडीत तोच ४५ वर असेल तर ७ टक्के. फक्त यानेच पाच टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून मेघनाताईंचा ०.७८ हा या महिन्याचा आहे, वर्षभर तोच चालवू नका. कडक उन्हाळ्यात तो ठेवलात तर रोज खोटे लाल दिवस येतील, आणि थंडीत खरे लपतील.

शेखर_क

आमच्या कंपनीत पॅनेलच्या पाठीला तापमानाचा सेन्सर चिकटवलाय आणि शीट रोज तापमानाची दुरुस्ती करून पीआर काढते. त्याने वर्षभराची रेघ बरीच सपाट झाली. पण लहान प्लांटला इतकं करायची गरज आहे असं मला वाटत नाही. महिन्यागणिक वेगळा पीआर पुरतो.

तात्या_टेस्टर

सहमत. आणि महिन्याचा पीआर काढताना सरासरी नका घेऊ, रोजचे आकडे क्रमाने लावून मधला आकडा घ्या. एक-दोन बिघाडाचे दिवस आले तरी मधला फारसा हलत नाही, सरासरी मात्र खाली ओढली जाते आणि मग बिघाडच नवं प्रमाण होऊन बसतो.

मेघना_प

सापडलं!!

दुपारी बाराला ऊन स्थिर होतं. ब च्या स्ट्रिंग: १०.३, १०.४, १०.३, ०.०, १०.२ अँपिअर. चौथी. आमच्याकडे ९०० व्होल्टचं सामान नव्हतं म्हणून तात्यांचं ऐकून तिथेच थांबलो आणि बसवणाऱ्यांचा माणूस बोलावला. त्याने बंद करून मोजलं, शून्य व्होल्ट. मग पॅनेलखाली वाकून एकेक जोड बघत गेला. अकराव्या आणि बाराव्या पॅनेलमधला कनेक्टर वितळून काळा झाला होता, प्लास्टिक एकमेकांत चिकटलेलं. त्याने दोन्ही तुकडे माझ्या हातात ठेवले: नर एका मेकचा, मादी दुसऱ्या मेकची. बसतात एकमेकांत, पण आतला धातू घट्ट टेकत नाही, तिथे तापत तापत जळलं असं म्हणाला.

दिवस ४ पासून आजपर्यंत १९ दिवस झाले. मधले दिवस सगळे उतरवून हिशेब केला तर आठशेच्या आसपास युनिट गेले. आणि त्या १९ दिवसांत मी फक्त ढगाळ दिवसांची कारणं लिहून पाठवत होते. खूप वाईट वाटलं.

तात्या_टेस्टर

वाईट वाटून घेऊ नका. शीट तुम्हाला जे विचारत होती त्याचंच उत्तर तुम्ही देत होतात. आणि छतावर आग लागायच्या आधी सापडलं. तसेच दोन मेकचे जोड आणखी कुठे आहेत ते त्या माणसाकडून आत्ताच तपासून घ्या. एकाच हाताने जोडलेलं असेल तर तो एकटा नसणार.

मेघना_प

तपासले. आणखी तीन निघाले, दोन अ वर. बदलून घेतले. नवी शीट पण केली. अ बी रकान्यात, ब सी मध्ये, सेन्सर डी मध्ये:

```
अपेक्षित   =D2*100*0.78
प्रमाण     =(B2+C2)/(D2*100*0.78)
भावंडं     =C2/B2
शेरा       =IF(OR(C2/B2<0.95, AND(D2>3, (B2+C2)/(D2*100*0.78)<0.93)), "तपासा", "ठीक")
```

सेन्सर ३ च्या खाली असेल तर अपेक्षितशी तुलना करत नाही, कारण अगदी ढगाळ दिवशी आकडे लहान आणि चूक मोठी. भावंडांची तुलना मात्र रोज. ठीक आहे का?

शेखर_क

छान. पण ०.९३ ला एका दिवशी लाल करू नका. आमच्याकडे सलग तीन दिवस खाली राहिलं तरच लाल. नाहीतर महिनाभरात पुन्हा तेच, कोणी वाचणार नाही.

अनुस्वार

शेखर, तीन दिवस थांबायचं तर एक स्ट्रिंग तीन दिवस जाते. भावंडांचं प्रमाण इतकं स्थिर आहे की ०.९५ च्या खाली एकच दिवस पुरेसा आहे. तीन दिवसांची वाट अपेक्षितच्या तुलनेला ठेवा.

शेखर_क

हो, हे पटलं.

भर_दुपार

नोंद कधी घेता? आमच्याकडे पहारेकरी कधी साडेपाचला आकडा लिहायचा, कधी साडेसहाला. आज लवकर लिहिला तर उरलेलं ऊन उद्याच्या खात्यात. एक दिवस तीन टक्के कमी, दुसरा तीन टक्के जास्त, जोडीने यायचे. शेवटी ठरवलं, रोजचा आकडा लिहायचाच नाही. सकाळी ऊन यायच्या आधी मीटरचा एकूण आकडा लिहायचा आणि कालच्यातून वजा करायचा.

मेघना_प

आमचा लॉगर मध्यरात्री स्वतः घेतो, ते सुटलं. पण एक प्रश्न राहतो. गेल्या आठवड्यात दुपारी दीड तास ग्रिड बंद होतं, दोन्ही इन्व्हर्टर थांबले. सेन्सरने ऊन मोजलं, म्हणून दिवस लाल. प्लांटचा तर दोष नाही. तो दीड तास सेन्सरच्या आकड्यातून वजा करू का?

शेखर_क

करा. नाहीतर प्लांटवर फुकटचा आळ. आम्ही ग्रिड नसलेल्या वेळेचं इरॅडिएशन वजा करतो.

अनुस्वार

मी करत नाही. युनिट तर गेलेच ना? वजा केलं की ते कुठेच दिसत नाहीत. आणि दुसरं, आमच्याकडे 'ग्रिड गेलं' म्हणून जे नोंदवलं जायचं त्यातलं बरंचसं दुपारी व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर ट्रिप होण्याचं होतं. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असल्यामुळे. वजा करत राहिलो असतो तर ते कधीच कळलं नसतं.

तात्या_टेस्टर

दोघांचंही खरं आहे. मी दोन रकाने ठेवतो, एक वजा करून, एक न करता. लाल कशावरून करायचं यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.

वाटसरू

मेघनाताई, दुरुस्तीनंतर भावंडांचं प्रमाण पुन्हा १ वर आलं का?

मेघना_प

नाही ना, तेच सांगायला आले होते. कालचा दिवस: सेन्सर ६.४, अ २४७, ब २४३. प्रमाण ०.९८. शीट 'ठीक' म्हणते, पण बिघाडाआधी ते ०.९९६ होतं. अ सुद्धा अशाच उन्हात २५० द्यायचा. ब च्या बाजूला माल उतरवायचा कच्चा रस्ता आहे, आणि या पंधरवड्याची धुलाई चुकलीय.

वाटसरू

मग आता तरी धुवा! पण आधी फक्त ब धुवा आणि दोन दिवस थांबा. १ च्या जवळ गेला तर धूळ, नाही गेला तर पुन्हा क्लॅम्प मीटर काढा.

तात्या_टेस्टर

वाटसरूंनी अगदी योग्य क्रम सांगितला. धुवायचं ते पहाटे, पॅनेल गार असताना. गरम काचेवर गार पाणी नको.

मेघना_प

उद्या पहाटे ब धुवायला सांगितलंय. परवाचे आकडे इथे टाकते.